मीठ कमी करा, पण कोणते?

वैद्याच्या तोंडचे एक वाक्य घरात पोहोचेपर्यंत त्याची तीन वाक्ये होतात, हा अनुभव मोठ्या कुटुंबात राहणाऱ्यांना सांगावयास नको. ‘मीठ कमी करा’ हा असाच एक सल्ला. डॉक्टर तो एका माणसास देतात. स्वयंपाकघर तो साऱ्या घरास लागू करते. डॉक्टर प्रमाणाविषयी बोलतात. घर मिठाची जातच बदलून टाकते. आणि ज्या माणसाचा त्या सल्ल्याशी काडीचाही संबंध नसतो, नेमके त्याचेच नुकसान होते. अशा एका घराची हकिगत आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो. घर आमच्या भाचीचे, पुण्याच्या दक्षिण टोकास कात्रजला. आणि ज्याचे नुकसान व्हावयाचे होते ते माणूस अद्याप जन्मासही आलेले नव्हते.

भाचीच्या सासरी आठ पाने मांडली जातात. तिच्या मामंजींचा रक्तदाब वाढलेला आढळला आणि डॉक्टरांनी त्यांस मीठ निम्म्यावर आणावयास सांगितले. विहीणबाई मोठ्या व्यवस्थेशीर. एका चुलीवर दोन चवींचा स्वयंपाक त्यांस मान्य नाही. त्यांनी सगळ्यांचेच मीठ कमी केले, आणि शेजारणीने ‘रक्तदाबाला शेंदेलोण चांगले’ असे सांगितल्यावरून नेहमीच्या पुडीऐवजी उपवासाचे शेंदेलोण रोजच्या आमटीभाजीत घालण्यास आरंभ केला. पांढरे मीठ घरातून गेले. याला दोन महिने झाले तेव्हा आमची भाची चौथ्या महिन्यात होती.

आम्ही आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविले असल्याने घरातील प्रत्येक डबा उघडून त्यावरील मजकूर वाचण्याची आम्हांस खोड आहे. भेटीस गेलो असता शेंदेलोणाची पुडी हाती लागली. तीवर आयोडिनाचा उल्लेख नव्हता. आम्ही भाचीस विचारले, “रोज हेच वापरता?” ती म्हणाली, “हो मामा. सासूबाई म्हणतात हे नैसर्गिक आहे, आणि मामंजींनाही सोसते.” एवढ्याने आमचे समाधान होण्यासारखे नव्हते. तो दिवस आम्ही विहीणबाईंशी मिठाविषयी बोलण्यात घालविला. त्यांचे प्रश्न इतके नेमके होते, की त्यांच्याच क्रमाने हा लेख लिहावा असे आम्हांस वाटले.

त्यांचा पहिला प्रश्न: “आयोडिन म्हणजे गलगंडावरचे औषध ना? आमच्याकडे कोणाला गलगंड आहे?”

गलगंड ही आयोडिनाच्या उणिवेची डोळ्यांना दिसणारी खूण खरी. पण न दिसणारे कार्य अधिक मोठे आहे. गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची जी ग्रंथी आहे, जिला थायरॉइड म्हणतात, ती थायरॉक्सिन नावाचा रस बनविते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडिनाचे चार अणू असतात. आयोडिनावाचून हा रस बनणे अशक्य. त्याच्या जागी दुसरे काही चालत नाही. आणि गर्भाच्या मेंदूची बांधणी या रसावर अवलंबून असते. गर्भाची स्वतःची ग्रंथी सुमारे तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस काम करू लागते, आणि तिला जोर येतो तो पाचव्या महिन्याच्या सुमारास. तोपर्यंतचा रस सर्वस्वी आईचा. म्हणजे, आपण गर्भवती आहो हे बाईच्या पुरते अंगवळणी पडलेले नसते, त्या आठवड्यांतच आईच्या भांडवलावर मुलाच्या मेंदूचा पाया घातला जात असतो.

या काळात आईच्या ग्रंथीला नेहमीच्या सुमारे दीडपट काम करावे लागते. त्याच वेळी तिची मूत्रपिंडे अधिक आयोडिन बाहेर टाकतात, आणि गर्भही आपला वाटा ओढून घेतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने साध्या प्रौढ माणसास रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडिन पुरेसे मानले असले, तरी गर्भवतीस आणि अंगावर पाजणाऱ्या मातेस 250 सांगितले आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतकी अल्प वस्तू, की जन्मभराचे आयोडिन एका लहान चमच्यात मावेल. पण ती रोजच्या रोज यावी लागते, एकदाच खाऊन वर्षाची बेगमी होत नाही.

आयोडिन फार कमी पडले तर काय होते हे निर्विवाद आहे: गर्भ टिकत नाही, अथवा मूल मंदबुद्धी, कधी मुकेबहिरे होते. थोडे कमी पडले तर काय होते, याविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे. अशा मातांची मुले पुढे वाचनात व बुद्धीच्या चाचण्यांत थोडी मागे राहिलेली काही ठिकाणी आढळली. पण गोळ्या देऊन तो फरक भरून निघतो असे प्रयोगांतून सरसकट सिद्ध झालेले नाही. आम्ही विहीणबाईंस घाबरविण्यासाठी पहिले उदाहरण पुढे केले नाही. इतकेच म्हटले, की ज्या गोष्टीला दिवसास चार पैसेही लागत नाहीत, ती मुलाला कमी पडू देण्यात शहाणपण कोणते?

दुसरा प्रश्न आला: “हे रोग डोंगराकडचे. आमच्या देशावर कशाला येतील?”

हा समज जुना आहे आणि त्याला कारणही आहे. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड घरोघर दिसे. 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक मोठा प्रयोग आरंभिला: काही भागास आयोडिन मिसळलेले मीठ दिले, काही भागास साधे. काही वर्षांत पहिल्या भागातील मुलांचे गलगंड उतरू लागले. त्या कामाच्या बळावर सरकारने 1962 साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्या वेळी सर्वांचीच कल्पना अशी होती, की हा उत्तरेकडील पट्ट्याचा प्रश्न आहे. पुढे पाहण्या झाल्या तेव्हा ध्यानी आले, की या उणिवेपासून पूर्णपणे मुक्त असा एकही प्रांत नाही, महाराष्ट्रही नाही. म्हणून पुढे आयोडिनयुक्त मीठ साऱ्या देशासाठी करण्यात आले आणि 1992 साली कार्यक्रमाचे नावही बदलून त्यात ‘आयोडिनच्या उणिवेचे विकार’ असा व्यापक शब्द आला. 2006 सालच्या मे महिन्यापासून प्रत्यक्ष खाण्यासाठी विकावयाच्या मिठात आयोडिन असलेच पाहिजे असा नियम देशभर पुन्हा लागू झाला. आज आपल्याकडे गलगंड क्वचित दिसतो तो आपली भूमी आयोडिनाने संपन्न आहे म्हणून नव्हे. आपण ते रोज मिठातून, नकळत, खात आलो म्हणून. मीठ बदलले की ते छत्र निघून जाते, आणि हे गेल्याचे कळतही नाही. कारण आयोडिनाला त्या प्रमाणात ना चव, ना वास, ना रंग.

तिसरा प्रश्न सर्वांत चांगला होता. विहीणबाई मूळच्या पेणकडच्या. मिठागरे त्यांनी लहानपणी पाहिलेली. त्या म्हणाल्या, “आयोडिन समुद्रात असते म्हणता. मग समुद्राच्या खडेमिठात ते आपसूक नसेल का? मिसळायचे कशाला?”

याचे उत्तर आम्ही कागदावर गणित मांडून दिले. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि आयोडिन फार तर 60 मायक्रोग्रॅम. मिठागरात पाणी आटवून त्यातील सगळेच्या सगळे आयोडिन मिठात उतरले असे क्षणभर मानले, तरी एका ग्रॅम मिठात दोन मायक्रोग्रॅमही येत नाही. दिवसाला पाच ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या वाट्यास नऊदेखील नाही. आणि गरज तर अडीचशेंची. शिवाय ते सगळे उतरत नाहीच. मीठ आधी खड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि आयोडिनाचा बराच अंश मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहून फेकला जातो. शेंदेलोण तर जमिनीत गाडल्या गेलेल्या जुन्या समुद्रांचेच मीठ, तेव्हा त्याचीही तीच गत. ‘नैसर्गिक’ या शब्दात चूक नाही. पण निसर्गाने मिठात आयोडिन ठेवलेलेच नाही.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट आम्ही सांगितली, आणि तिनेच विहीणबाईंचे मन वळले. रक्तदाबास जो अपाय होतो तो मिठातील सोडियमने. शेंदेलोण हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच; एका चमच्यामागे सोडियम जवळजवळ साध्या मिठाइतकेच. म्हणजे मामंजींचे हित झाले ते मीठ कमी केल्याने. मीठ बदलल्याने त्यांचा काहीच लाभ झाला नाही, आणि सुनेचे आयोडिन मात्र गेले.

आता हिशेब. एकत्र कुटुंबात कोण किती मीठ खातो हे मोजणे अवघड वाटते. पण एक सोपी युक्ती आहे. मिठाची नवी पुडी उघडली त्या दिवशी तारीख लिहून ठेवावी, आणि ती संपली की दिवस मोजावेत. या घरी पूर्वी आठ माणसांस एक किलोची पुडी 18 दिवस पुरे. हजाराला अठरांनी आणि मग आठांनी भागले की माणशी रोजचे सुमारे सात ग्रॅम निघते. त्यात लहान मुले कमी खातात, मोठी अधिक, आणि लोणचेपापड वेगळे. तरी अंदाजाला हे पुरेसे. काटकसर सुरू झाल्यावर तीच पुडी 31 दिवस चालू लागली, म्हणजे माणशी चार ग्रॅम.

कायद्याप्रमाणे मिठात कारखान्यातून निघताना एका ग्रॅममागे निदान 30 मायक्रोग्रॅम आयोडिन असावे, आणि दुकानात पोहोचेपर्यंत त्यात घट झाली तरी ते 15 खाली जाऊ नये. स्वयंपाकात सुमारे पाचवा हिस्सा उडतो असे धरण्याचा प्रघात आहे. तेव्हा पूर्वीच्या सात ग्रॅमांतून भाचीला कमीत कमी 84 आणि उत्तम मीठ असल्यास 168 मायक्रोग्रॅम मिळत होते. मीठ चार ग्रॅमांवर आणून पुडी तीच ठेवली असती, तर 48 ते 96 मिळाले असते. शेंदेलोणावर ते जवळजवळ शून्य. 250 च्या गरजेपुढे हे तीन आकडे ठेवले की बोलण्यासारखे फारसे उरत नाही. एक गोष्ट मात्र आमच्याही ध्यानी पहिल्यांदाच ठळकपणे आली: आयोडिनयुक्त मीठ माफक खाणाऱ्या निखळ शाकाहारी गर्भवतीचा हिशेब केवळ मिठावर पुरा होत नाही. उरलेले कोठून तरी यावे लागते.

मासे खाणाऱ्या घरांत ते माशांतून येते. अंडी खाणाऱ्यांस थोडे अंड्यांतून. आपल्या पानात या दोन्ही नाहीत. भाजी, धान्य, डाळ यांत जमिनीत असेल तेवढेच उतरते, आणि ते फार थोडे. राहता राहिले दूध. कात्रजला दुधाची उणीव नाही. पुणे जिल्ह्याच्या दूध संघाची डेअरी तेथेच आहे आणि तिच्या नावाने ते गाव साऱ्या पुण्याच्या सकाळी आठवले जाते. दूध, दही, ताक यांत आयोडिन असते हे खरे. युरोपात ते शाकाहारी माणसाच्या आयोडिनाचा मोठाच आधार आहे. पण दुधात किती उतरेल हे जनावराला दिलेल्या चाऱ्यावर व क्षारमिश्रणावर ठरते. ऋतूप्रमाणेही त्यात फरक पडतो. तिकडील आकडा उचलून आपल्या पेल्यास लावणे म्हणजे दुसऱ्याच्या खतावणीवरून आपले देणे फेडणे होय. म्हणून आम्ही भाचीला सांगितले: रोज दोन पेले दूध आणि वाटीभर दही जरूर घे, पण हिशेबात ती वरकमाई समज, घरखर्च तिच्यावर टाकू नको. जे लोक दूधही वर्ज्य करतात आणि बदाम वा सोयाबीनचे ‘दूध’ पितात, त्यांना ही वरकमाईही नाही. त्यांनी तर अधिकच सावध राहिले पाहिजे.

विहीणबाईंनी कोबी, फुलकोबी आणि बाजरीविषयीही विचारले, कारण ‘यांनी थायरॉइड बिघडते’ असे त्यांच्या कानावर आलेले. या पदार्थांत ग्रंथीच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये आहेत हे खरे. परंतु ती डोके वर काढतात ती आयोडिन मुळातच तुटपुंजे असेल तेव्हा. मीठ नीट असेल तर शिजविलेला कोबी व हिवाळ्यातली बाजरीची भाकरी सोडण्याचे कारण नाही. सोडावयाचे ते शेंदेलोण, भाकरी नव्हे.

मग गर्भवतीने मीठ कमी करावयाचे की नाही? येथे एक गैरसमज घरोघर आहे. पाय सुजले की ‘अळणी जेव’ असे थोरल्या बायका सांगतात. गर्भारपणातील रक्तदाबाचा जो भयंकर विकार होतो तो टाळण्यासाठी मीठ तोडण्याचा उपयोग होत नाही असे आढळले असून जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी मीठ तोडू नका असेच सांगते. एकाएकी आलेली सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी ही तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जाण्याची लक्षणे आहेत, अळणी वरणभात करून घरी थांबण्याची नव्हेत. मात्र ज्या बाईस आधीपासून रक्तदाब, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार आहे आणि तिच्या डॉक्टरांनी विचारपूर्वक मीठ कमी करावयास सांगितले आहे, तिने ते पाळलेच पाहिजे. निरोगी माणसासही रोजचे सारे मिळून पाच ग्रॅमांहून कमी मीठ पुरे, असे सांगतात.

तेव्हा प्रश्न उरतो तो मीठ कोठले कमी करावयाचे हा. आमचे उत्तर असे, की स्वयंपाकातले शेवटी आणि बरणीतले आधी. लोणचे, पापड, कुरडया, सांडगे, बाहेरचे फरसाण, शेव, बिस्किटे यांत मीठ फार आणि त्यात आयोडिन असेलच असा भरवसा नाही. कारण नियम प्रत्यक्ष खाण्याच्या मिठाला आहे, पदार्थ टिकविण्यासाठी वापरावयाच्या मिठास त्यातून सूट आहे. लोणच्याची फोड पानातून काढली तर सोडियम जाते आणि आयोडिनाची फारशी हानी होत नाही. आमटीतले मीठ काढून शेजारी पापड ठेवला तर नेमके उलटे होते. ज्यांना डॉक्टरांनी फारच थोडे मीठ सांगितले आहे त्यांनी तेवढ्या थोड्यातले प्रत्येक चिमटीभर मीठ आयोडिनयुक्तच घ्यावे. बाजारात कमी सोडियमचे मीठही मिळते. त्यात पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांस अथवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांस ते अपायकारक होऊ शकते. म्हणून डॉक्टरांस विचारल्यावाचून ते घरात आणू नये, आणि आणलेच तर त्यावर आयोडिनाचा उल्लेख आहे की नाही ते पाहावे.

भाचीच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही हा सारा हिशेब एका कागदावर लिहून पाठविला. त्यांनी तिच्या रक्तातील थायरॉइडची तपासणी केली. ती ठीक निघाली. पण त्यांनी तिला हेही समजावून सांगितले, की ही तपासणी ग्रंथीचे काम दाखविते, आयोडिनाची शिल्लक दाखवीत नाही. ग्रंथी बराच काळ साठ्यातले उचलून काम चालविते आणि कागदावर सर्व ठीक दिसते. लघवीतील आयोडिन मोजता येते. पण ते आज एक, उद्या एक असे बदलते. म्हणून त्यावरून साऱ्या गावाची स्थिती कळते, एका बाईची नव्हे. तेव्हा एका व्यक्तीपुरते सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे तिचे पान आणि तिची मिठाची पुडी यांची चौकशी हेच.

ती चौकशी झाल्यावर त्यांनी रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडिन असलेली गर्भवतीची गोळी लिहून दिली. आता पुन्हा बेरीज करा. मीठ चार ग्रॅमच, पण आयोडिनयुक्त: 48 ते 96. गोळीचे 150. एकूण 198 ते 246. आणि वर दूधदह्याची वरकमाई. मामंजींच्या पथ्याला धक्का न लावता हिशेब जमला. पूर्वीचे सात ग्रॅम मीठ आणि गोळी असे दोन्ही मिळाले असते, तरी बेरीज 318 होते. गर्भवतीस रोज 500 च्या पुढे जाण्यात लाभ नाही असे मानतात, त्याच्या ती आतच राहते.

या गोळ्यांविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळीत आयोडिन नसते. तिचे काम वेगळे आणि तेही आवश्यक. बाजारातील ‘गर्भवतीसाठी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांपैकी काहींत आयोडिन असते, काहींत नसते. वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत ते वाचूनच घ्यावे. दुसरे असे, की समुद्रशेवाळाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांत आयोडिन एका कुपीत थोडे तर दुसरीत भलतेच असू शकते, आणि अतिरेकाने ग्रंथी मंदावते. आईचीही आणि गर्भाचीही. जिला आधीपासून थायरॉइडचा विकार आहे अथवा त्याची गोळी चालू आहे, तिने आयोडिनाची गोळी आपल्या मनाने मुळीच सुरू करू नये.

पुडी चांगली असूनही घरात मीठ निकामी होते, याचाही विचार व्हावा. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, आणि दमट हवेत ते पुष्कळ टिकते. तरीही चुलीशेजारी उघडे भांडे, ओला चमचा आणि उन्हात ठेवलेली बरणी यांनी ते हळूहळू कमी होते; पावसाळ्यात मीठ पाणावून तळाशी साचले तर त्याबरोबर आयोडिनही खाली उतरते. घट्ट झाकणाची कोरडी बरणी, कोरडा चमचा, आणि भाजी उतरण्याच्या वेळी मीठ घालणे, एवढे पुरे. खडेमीठ धुऊन घेण्याची जुनी रीत आहे. तीत आयोडिनच धुऊन जाते. मिठात ते आहे की नाही हे पाहण्याची एक लहान कुपी आरोग्य सेविका व आशाताईंजवळ कधी कधी असते. मिठावर तीतला एक थेंब टाकला की निळाजांभळा डाग पडतो. आम्ही विहीणबाईंपुढे दोन बशांत दोन मिठे घेऊन हा प्रयोग करून दाखविला. पुडीच्या मिठावर गडद डाग उमटला. शेंदेलोण पांढरेच राहिले. त्या क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे आधी दाखवायचे होते. एवढे बोलणे वाचले असते.” मात्र डागाच्या गडदपणावरून प्रमाणाचा अचूक अंदाज करू नये, आहे की नाही एवढेच तो खात्रीने सांगतो.

बाळंतपणानंतर हा हिशेब संपत नाही, आणि नेमके येथेच घरे ढिलावतात. नवजात बालकाच्या ग्रंथीत आयोडिनाचा साठा नाममात्र असतो, आणि त्याची गरज रोज 90 मायक्रोग्रॅमांची. ती सर्व आईच्या दुधातून यावयाची. आईचे स्तन आयोडिन रक्तातून ओढून दुधात साठवितात, म्हणून आईच्या वाट्यास थोडे असले तरी मूल काही घेतेच. पण आईचे आटले की दुधातलेही आटते. अशा वेळी बाळंतिणीस काही दिवस अळणी जेवण देण्याची काही घरांत चाल आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक, मेथी यांचे गुण आम्ही नाकारीत नाही. पण त्यांपैकी एकातही आयोडिनाची भरपाई करण्याजोगे काही नाही. गोळी बाळंतपणाबरोबर बंद न करता अंगावर पाजणे चालू असेतो डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावी. आणि जन्मानंतर दोनतीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉइडची तपासणी होते, ती मागून करवून घ्यावी. ज्या बालकांची ग्रंथी जन्मतःच अधू असते त्यांचा दोष वेळीच सापडून उपचार सुरू होतो. आईने आयोडिन नीट घेतले तरी तो दोष टळतो असे नाही, म्हणून एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

कात्रजच्या घरी आता एका फळीवर दोन बरण्या असतात. मोठी आयोडिनयुक्त मिठाची, घट्ट झाकणाची. लहान शेंदेलोणाची, एकादशी व चतुर्थीपुरती. उपवास महिन्यातून दोनचार दिवसांचाच असल्याने त्याने काही बिघडत नाही. बिघडले होते ते उपवासाचे मीठ रोजचे झाले म्हणून. मामंजींच्या पानात लोणचे नाही, आणि त्याबद्दल त्यांची कुरकूर अजून चालू आहे. भाचीची मुलगी सहा महिने निव्वळ अंगावरच्या दुधावर वाढली. ती हुशार निघेल की नाही याचे श्रेय वा दोष आम्ही आयोडिनास देणार नाही. ज्या दोन महिन्यांत मीठ बदलले होते त्यांचा परिणाम झाला की नाही हेही कोणास सांगता यावयाचे नाही. आम्ही खात्रीने सांगू शकतो ते इतकेच, की घरात लग्न होऊन सून आली, अथवा मुलगी बाळंतपणास माहेरी आली, की तिच्या आगमनाबरोबर एकदा मिठाच्या पुडीची मागची बाजू वाचावी. डॉक्टरांनी घरातील कोणासही मीठ कमी करावयास सांगितले असल्यास, त्यांना तेथल्या तेथे एक प्रश्न विचारावा: कमी करावयाचे ते किती, आणि कोणाचे? ‘कोणते’ याचे उत्तर वाचकांस आता ठाऊकच आहे.